चॅटवरचा फोटो आणि बँकेतलं नाव

'उमेद'च्या सर्व बँक सखींना,



बँकेच्या काउंटरवर माझी ३१ वर्षं गेली. शेवटची काही वर्षं वाई तालुक्यातल्या एका शाखेत मी कॅशियर होते. तुमच्यातलीच एक सखी तिथे दाराजवळच्या टेबलाशी बसायची. पैसे काढायची स्लिप भरून दे, पासबुक छापून आण, गटाच्या कर्जाच्या फाइलमध्ये काय राहिलंय ते बघ, ही सगळी कामं ती करायची. गावातून आलेली बाई आधी तिच्याकडे जायची, मग माझ्या खिडकीशी यायची. म्हणूनच हे पत्र बँकेच्या साहेबांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. बायका जे विचारतात ते आधी तुमच्या कानावर पडतं.

गेली दोन वर्षं माझ्या घरी येणाऱ्या बायकांच्या हातात पासबुक कमी आणि फोन जास्त दिसतो. प्रश्नही ठरलेला असतो, "मावशी, व्हॉट्सअ‍ॅपमधूनच पैसे जातात म्हणे, तेवढं लावून द्या ना." त्यांचं बरोबर आहे. व्हॉट्सअ‍ॅप त्यांना येतं. गटाचा ग्रुप तिथे आहे, मुलाच्या शाळेचा ग्रुप तिथे आहे, माहेरच्यांशी बोलणंही तिथेच. वेगळं अ‍ॅप शिकायला नको. ही सोय २०१८मध्ये थोड्या लोकांपुरती चाचणी म्हणून आली. नोव्हेंबर २०२०मध्ये तिला रीतसर परवानगी मिळाली, तेव्हा २ कोटी ग्राहकांची मर्यादा होती. ती वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२४ला पूर्ण उठली. त्यामुळे आता ही सोय कोणाच्याही फोनवर सुरू करता येते.

मात्र जी गोष्ट बायकांना सोपी वाटते, तिच्यातच धोका आहे. चॅटमध्ये आपल्याला माणूस दिसतो. त्याचा फोटो, आपण सेव्ह केलेलं नाव, कालच आलेला 'जेवलीस का' असा मेसेज, सगळं समोर असतं. पैसे मात्र त्या माणसाला जात नाहीत. ते त्या नंबरामागे जे बँक खातं असेल, त्यात जातात. एरवी दोन्ही एकच असतात, म्हणून फरक कळत नाही. ज्या दिवशी ते वेगळे असतात, त्या दिवशी पैसे जातात. सख्यांनो, तुम्ही बायकांना शिकवाल तेव्हा या फरकापासून सुरुवात करा.

आता खातं जोडण्याचं बघू. पैसे व्हॉट्सअ‍ॅपमध्ये साठत नाहीत. हे यूपीआयच आहे, इथल्या खात्यातून तिथल्या खात्यात. व्हॉट्सअ‍ॅपच्या मागे स्टेट बँक, एचडीएफसी, आयसीआयसीआय आणि अ‍ॅक्सिस या बँका काम करतात, म्हणून जोडणी झाली की तुमच्या यूपीआय आयडीच्या शेवटी `@wasbi` किंवा `@waicici` असं काहीतरी दिसतं. जिल्हा बँकेत खातं असलेली एक बाई हे बघून घाबरली होती. "माझं त्या बँकेत खातंच नाही, पैसे कुठे गेले?" पैसे कुठेही गेले नव्हते. तो फक्त पत्ता आहे, खातं तिचं जिथे होतं तिथेच आहे.

जोडणी अडते ती बहुतेक वेळा एकाच जागी, मोबाइल नंबरावर. मागच्या पावसाळ्यात पापडाच्या गटाची सचिव असलेली एक वहिनी माझ्याकडे आली. तिने तीनदा प्रयत्न केला होता आणि तिन्ही वेळा 'या नंबराशी जोडलेलं खातं सापडलं नाही' अशा अर्थाचा निरोप आला होता. तिला वाटलं फोन जुना झाला. मी तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि कागदावर तीन ओळी लिहायला सांगितल्या: बँकेत कुठला नंबर आहे, व्हॉट्सअ‍ॅप कुठल्या नंबरावर आहे, आणि आता फोनमध्ये कुठलं सिम चालू आहे.

तीन ओळींवर तीन वेगळे नंबर आले. बँकेत नवऱ्याचा नंबर होता, कारण दहा वर्षांपूर्वी खातं उघडलं तेव्हा घरात एकच फोन होता. व्हॉट्सअ‍ॅप भावाने घेऊन दिलेल्या जुन्या सिमच्या नंबरावर होतं. त्या सिमचा रिचार्ज कधीच संपला होता, पण व्हॉट्सअ‍ॅप वायफायवर किंवा दुसऱ्या सिमच्या नेटवर चालत राहतं, त्यामुळे तो नंबर हातून सुटत चाललाय हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. आणि रोज बोलायचं सिम तिसरंच.

चॅटमधून पैसे पाठवायचे तर या तिन्ही ओळींवर एकच नंबर हवा. व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या स्वतःच्या नंबराने बँकेला विचारतं, 'या नंबराचं तुमच्याकडे खातं आहे का?' आणि तो नंबर खरंच या फोनमध्ये आहे हे पटवण्यासाठी त्या सिमवरून एक एसएमएस बाहेर जातो. म्हणून सिम फोनमध्ये हवं, चालू हवं आणि त्यावरून एसएमएस जाण्याइतका रिचार्ज हवा. नुसते येणारे फोन चालू असलेलं सिम इथे अडतं. दोन सिमचा फोन असेल तर एसएमएस कुठल्या सिमवरून पाठवायचा ते नीट निवडावं लागतं.

वहिनीचं काम तीन दिवसांत झालं. पहिल्या दिवशी ती पासबुक आणि आधार घेऊन आपल्या शाखेत गेली आणि नंबर बदलण्याचा फॉर्म भरून रोजच्या वापराचा नंबर दिला. हे काम फोनवरून कोणी करून देतो म्हणाला तरी करू द्यायचं नाही, शाखेतच जायचं. दोन दिवसांनी नवा नंबर खात्याला लागल्याचा बँकेचा एसएमएस आला. मग व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली नंबर बदलण्याची सोय असते, तिथून तिने व्हॉट्सअ‍ॅपही त्याच नंबरावर आणलं. त्यानंतर सेटिंग्जमधल्या पेमेंट्समध्ये गेली, पेमेंटची पद्धत जोडायचा पर्याय निवडला, अटी मान्य केल्या, बँकांच्या यादीतून आपली बँक निवडली, एसएमएसने पडताळणी केली. मग पडद्यावर तिच्या खात्याचे शेवटचे आकडे आले. ते तिने पासबुकाशी जुळवून बघितले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मला अजून आठवतं. नवऱ्याच्या नंबरावरून पहिल्यांदाच तिचं खातं तिच्या स्वतःच्या हातात आलं होतं.

इथे थोडं थांबते, कारण हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बँक निवडल्यावर अ‍ॅप त्या नंबराशी जोडलेली त्या बँकेतली सगळी खाती दाखवतं. म्हणजे आईच्या खात्याला मुलाचा नंबर लागलेला असेल, तर मुलाच्या फोनमध्ये आईचंही खातं दिसतं. वर आईचं एटीएम कार्ड त्याच्या हाताशी असेल तर तो त्या खात्याचा पिनही बनवू शकतो. घरात विश्वास असतो, आणि तो असावाच. तरीही गटाच्या कर्जाचे पैसे जिच्या नावावर येतात, त्या बाईच्या खात्याला तिचाच नंबर असला पाहिजे. तुमच्या टेबलासमोर पासबुक छापायला आलेल्या प्रत्येक बाईला एवढा एक प्रश्न विचाराल का: ताई, या खात्याला कोणाचा नंबर आहे?

त्या एसएमएसबद्दलही सांगायला हवं. पडताळणीचा एसएमएस फोन स्वतःहून पाठवतो. त्यात आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ असते, ती आपण टाइप करायची नसते, कोणाला द्यायची नसते. कोणी फोन करून म्हणालं, "ताई, तुमची सबसिडी अडलीय, मी एक मेसेज पाठवतो, तो पुढच्या नंबराला फॉरवर्ड करा," तर समजायचं की तो माणूस त्याच्या फोनवर तुमचं खातं बांधायला बघतोय. आपल्या सिमवरून ती ओळ गेली की पडताळणी करणाऱ्याला वाटतं, सिम त्याच्याच फोनमध्ये आहे. त्यानंतर त्याला फक्त ओटीपी आणि पिन हवा असतो, आणि तो मागायला दुसरा फोन येतो.

पिनचं मी थोडक्यात सांगते. यूपीआय पिन चार किंवा सहा आकडी असतो आणि तो अ‍ॅपचा नसतो, खात्याचा असतो. आधीच दुसऱ्या अ‍ॅपमध्ये पिन केलेला असेल तर व्हॉट्सअ‍ॅपमध्येही तोच चालतो, नवा करायची गरज नाही. पहिल्यांदाच करायचा असेल तर एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्ड कधी संपतं तो महिना-वर्ष लागतो, मग ओटीपी येतो. कार्ड नसेल किंवा जनधनचं कार्ड पेटीत पडून संपून गेलं असेल, तर बऱ्याच बँकांत आधारवरूनही पिन बनवता येतो, फक्त खात्याला आधार जोडलेलं हवं आणि आधारला व खात्याला एकच मोबाइल नंबर हवा. कार्डाच्या मागचा तीन आकडी सीव्हीव्ही या कामात लागत नाही. तो कोणी मागितला तर तिथेच थांबायचं. आणि नव्याने जोडणी केल्यावर पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांच्या आतच पाठवता येतात, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी माल घ्यायचा असेल तर जोडणी आदल्या दिवशी संध्याकाळी करून चालत नाही, आणखी एक दिवस आधी करावी लागते.

वहिनीलाही मालच घ्यायचा होता, पण तिची रक्कम त्या मर्यादेच्या आतली होती. गटाला पापडासाठी उडीद डाळ हवी होती. नेहमीचा व्यापारी साताऱ्याचा. त्याचा नंबर तिच्या फोनमध्ये 'डाळवाले शेठ' म्हणून सेव्ह होता आणि चॅटमध्ये डाळीच्या भावाचे जुने मेसेज होते. ४,८०० रुपये पाठवायचे होते. ती माझ्यासमोरच बसली होती. तिने चॅट उघडलं, रुपयाच्या खुणेवर बोट ठेवलं, आकडा टाकला. पुढच्या पडद्यावर ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव आलं. ते नाव एका बाईचं होतं.

"त्यांच्या बायकोचं खातं असेल," वहिनी म्हणाली आणि पुढे जायला बोट उचललं.

मी तिचा हात धरला. खरं सांगते, काउंटरवर असताना मी शेकडो जणांकडून हेच वाक्य ऐकलंय. नाव वेगळं दिसलं की आपण स्वतःच त्याला कारण शोधून देतो. भावाचं असेल, दुकानाच्या मालकाचं असेल, लग्नाआधीचं असेल. तिला म्हटलं, "आधी शेठना फोन लाव. चॅटवर विचारू नकोस, बोलून विचार." पण फोन लावायचा तरी कुठल्या नंबरावर? त्याच नंबरावर लावला तर जो उचलेल तो त्याच नंबराचा माणूस. मग गटातल्या दुसऱ्या बाईकडून दुकानाचा नंबर घेतला. शेठ म्हणाले, "तो नंबर मी बंद करून दीड वर्ष झालं."

बंद केलेला नंबर मोबाइल कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या ग्राहकाला देते. त्या बाईने तो नंबर घेतला, आपल्या खात्याला जोडला, यूपीआय सुरू केलं. तिची काहीच चूक नाही. आपल्या फोनमध्ये मात्र तिच्या नंबरावर शेठचं नाव आणि शेठनी पाठवलेले दरांचे जुने मेसेज. एप्रिल २०२५पासून बँकांना आणि यूपीआय चालवणाऱ्या अ‍ॅप्सना बंद झालेल्या आणि पुन्हा वाटलेल्या नंबरांची यादी आठवड्यातून एकदा तपासून आपल्या नोंदी सुधाराव्या लागतात. त्यामुळे जुन्या मालकाचं खातं दुसऱ्याकडे गेलेल्या नंबरावर राहून जाण्याचा धोका कमी झाला. पण तुमच्या माझ्या फोनमध्ये सेव्ह केलेली नावं कोणी येऊन बदलणार नाही.

त्या पडद्यावरचं नाव इतकं भरवशाचं का, तेही बायकांना समजलं पाहिजे. यूपीआय चालवणाऱ्या राष्ट्रीय देयक महामंडळाने ३० जून २०२५पासून सगळ्या अ‍ॅप्सना बंधनकारक केलं की पैसे पाठवण्याआधी बँकेच्या नोंदीतलंच नाव दाखवायचं. आपण सेव्ह केलेलं नाव किंवा क्यूआर कोडमध्ये घातलेलं नाव तिथे चालत नाही. म्हणजे चॅटच्या वरच्या पट्टीवरचं नाव आपण ठेवलेलं असतं, फोटो समोरच्याने ठेवलेला असतो, आणि अनोळखी नंबर असेल तर `~` या खुणेपुढे दिसणारं नावही समोरच्यानेच टाइप केलेलं असतं. ते कोणीही काहीही ठेवू शकतो. बँकेतलं नाव मात्र आधार, पॅन बघून बँकेने लावलेलं असतं. पिनचं पान उघडलं की तिथेही वर बँकेचं नाव, खात्याचे शेवटचे आकडे, कोणाला आणि किती हे लिहिलेलं असतं. बोट आपोआप खालच्या आकड्यांकडे जातं. ते जाण्याआधी डोळे वर न्यायची सवय लागली पाहिजे. वहिनीला मी सांगितलं, नाव मोठ्याने वाच आणि मगच पिन टाक. आता ती गटाच्या बैठकीतही तसंच वाचते, आणि बाकीच्याही वाचतात.

पिनबद्दल अजून एक सांगायचं राहिलं. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पैसे पाठवायला लागतो, आणि शिल्लक बघायला लागतो. "तुमचे पैसे येणार आहेत, पिन टाका" असं जो म्हणतो, तो घ्यायला बसलेला असतो. पूर्वी चोर पैसे मागण्याची विनंती पाठवायचे आणि बायका 'आले आले' म्हणून पिन टाकून बसायच्या. एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे यूपीआयवर पैसे मागण्याची ती सोय १ ऑक्टोबर २०२५पासून बंद झाली. पण क्यूआर कोड पाठवून 'हा स्कॅन करा म्हणजे पैसे येतील' असं सांगणं अजून चालू आहे, आणि क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच, येत नाहीत.

आता जी गोष्ट सांगते ती माझ्या घरातली आहे, आणि ती सांगताना अजूनही पोटात गोळा येतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून आमच्या भाच्याला मेसेज आला. फोटो तिचा, बोलणं तिचं, 'बाळा' म्हणून सुरुवात. दवाखान्यात आहे, १५,००० रुपये लगेच लागतायत, माझं यूपीआय चालत नाही, या क्यूआरवर पाठव. त्याने पाठवले. बहीण तेव्हा घरात भाजी निवडत होती. दोन दिवसांपूर्वी तिला कोणीतरी फोन करून पार्सलचा म्हणून एक सहा आकडी कोड विचारला होता. तो कोड व्हॉट्सअ‍ॅपचा होता. तेवढ्यावर तिचं सगळं चॅट दुसऱ्याच्या हातात गेलं.

यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, सख्यांनो. त्या माणसाने भाच्याला चॅटमधूनच पैसे पाठव असं का सांगितलं नाही? कारण त्याला ते मिळाले नसते. व्हॉट्सअ‍ॅप चोरता येतं, पण त्याच्या मागचं बँक खातं सिमला बांधलेलं असतं, आणि सिम बहिणीच्याच फोनमध्ये होतं. भाच्याने आत्याच्या चॅटमधली रुपयाची खूण दाबली असती, तर पैसे चोराच्या खात्यात गेले नसते. म्हणून चोर नेहमी आडवाट काढतो. नवा क्यूआर, दुसरा यूपीआय आयडी, 'माझ्या मैत्रिणीच्या नंबरावर पाठव'. ओळखीच्या चॅटवरून परक्या खात्याकडे बोट दाखवलं जातं, तीच खूण. त्या क्यूआरवर भाच्याला एका परक्या पुरुषाचं नाव दिसलं होतं. त्याला वाटलं, दवाखान्याचं असेल. पुन्हा तेच, नावाला आपणच कारण दिलं. कोणी सिमच बदलून आपला नंबर स्वतःकडे वळवला तर मात्र ही खूणही पुरत नाही, म्हणून मोठी रक्कम असेल तर आवाज ऐकल्याशिवाय पाठवायची नाही. आधी एक रुपया पाठवून बघायचं असं मीही सांगते, पण 'मिळाला का' हे त्याच चॅटवर विचारायचं नाही. चोर आनंदाने 'हो' म्हणेल.

भाच्याने पुढचं काम मात्र चोख केलं. पाऊण तासात १९३० या नंबरावर फोन केला. सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभरचा नंबर आहे आणि तिथे पैसे ज्या खात्यात गेलेत ते खातं थांबवण्याची व्यवस्था असते. त्यांनी व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक मागितला. चॅटमधल्या पेमेंटच्या फुग्यावर बोट ठेवलं की तपशिलात तो दिसतो, बँकेच्या एसएमएसमध्येही असतो. त्याने लगेच cybercrime.gov.in वर तक्रारही नोंदवली. १५,०००पैकी ९,००० पुढच्या खात्यात अडकवता आले, बाकीचे तोवर पुढे निघून गेले होते. उशीर झाला असता तर काहीच हाती राहिलं नसतं. वेळेचं महत्त्व इतकं आहे की बायकांना तो नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करायला लावा, गरज पडल्यावर शोधत बसायला नको.

चुकून दुसऱ्याच माणसाला पैसे गेले आणि फसवणूक नव्हती, तर गोष्ट वेगळी होते. तेव्हा अ‍ॅपमध्ये त्या व्यवहाराची तक्रार करायची आणि आपल्या शाखेत लेखी द्यायचं, त्यात तोच १२ आकडी क्रमांक घालायचा. पण बँक समोरच्याच्या खात्यातून त्याच्या परवानगीशिवाय पैसे काढून देत नाही. ती त्याच्या बँकेमार्फत त्याला विचारते. त्यामुळे 'बँकेने काढून द्यायला पाहिजे' म्हणून तुमच्या टेबलावर रडणाऱ्या बाईला खोटा दिलासा देऊ नका. बँकेने ३० दिवसांत काही केलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फी न भरता तक्रार करता येते.

आणि एक वेळ अशी असते की काहीच चुकलेलं नसतं, फक्त पैसे मध्येच अडकतात. खात्यातून वजा झाले, समोर पोचले नाहीत, पडद्यावर 'पेंडिंग'. तेव्हा दुसऱ्यांदा पाठवायचं नाही. पुष्कळ बायका घाबरून पुन्हा पाठवतात आणि मग दोन्ही पोचतात. रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम असा आहे की एका माणसाकडून दुसऱ्याला जाणारे यूपीआयचे पैसे पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. त्याहून उशीर झाला तर बँकेने दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. दुकानदाराला दिलेले अडकले तर मुदत पाच दिवसांची आहे. हा नियम बँकेतल्या माणसांनाही आठवण करून द्यावा लागतो, मी स्वतः काउंटरच्या त्या बाजूला होते म्हणून सांगते.

आता तुमच्याशी एक कामाचं बोलते. गटाचं खातं यूपीआयला जोडता येईल का, हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. गटाच्या खात्यावर अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी दोघींच्या सह्या लागतात, आणि असं एकापेक्षा जास्त सह्यांनी चालणारं खातं सहसा यूपीआयला जोडता येत नाही. मग सोय म्हणून बायका महिन्याची बचत सचिवाच्या स्वतःच्या खात्यावर चॅटमधून पाठवतात. हे मला अजिबात पसंत नाही. सचिव प्रामाणिक असते, तरी तिच्या खात्यात घरचे आणि गटाचे पैसे मिसळतात, आणि हप्त्याच्या दिवशी बँक तिच्याच कर्जाचा हप्ता वळता करून घेते. काही गटांना गाव लांब म्हणून दुसरा इलाज नसेल, तर निदान ज्या दिवशी पैसे आले त्याच आठवड्यात ते गटाच्या खात्यात भरायचे, आणि हिशेबवहीत प्रत्येक रकमेपुढे तारखेबरोबर १२ आकडी क्रमांक लिहायचा. वहिनीच्या गटाने वहीत त्यासाठी पट्टीने एक नवी उभी रेघ मारली आहे. बैठकीत एक बाई फोनमधला क्रमांक वाचते, दुसरी वहीतला बघते. अर्धा तास जास्त लागतो.

माझी तुमच्याकडे मागणी एवढीच आहे. मोबाइल नंबर बदलण्याचे फॉर्म तुमच्या टेबलावर ठेवा, बाईला ते मागायला साहेबांच्या केबिनपर्यंत जावं लागू नये. ज्या बाईच्या खात्याला नवऱ्याचा, मुलाचा किंवा बंद पडलेला नंबर आहे, तिला त्याच दिवशी फॉर्म भरायला लावा आणि आठवड्याने तिच्या फोनवर बँकेचा एसएमएस आला का ते विचारा. त्यानंतरच चॅटमधून पैसे पाठवायला शिकवा, आणि पहिला व्यवहार तुमच्यासमोर करायला लावा, एक रुपयाचा, तिच्या स्वतःच्या मुलीला किंवा बहिणीला. पडद्यावर नाव आलं की तिच्याकडून ते वाचून घ्या.

वाईत मी अजून आहे. दर सोमवारी सकाळी कृष्णेच्या घाटाजवळच्या आमच्या जुन्या शाखेच्या बाहेरच्या बाकावर तासभर बसते. तुमच्यापैकी कोणाला एखाद्या बाईची जोडणी अडलेली असेल तर तिला तिथे घेऊन या. येताना फोन, पासबुक आणि ते तीन नंबर लिहिलेला कागद सोबत असू द्या.

आपली,
एक निवृत्त कॅशियर